कमिटीला लिहिलेला रागाचा मेसेज आटोपशीर कसा करावा

बेडरूमच्या भिंतीला ओल आली की मेसेज साधारण असा लिहिला जातो:

"तीन महिने सांगून सांगून थकलो. कुणालाच काही पडलेलं नाही. बाहेरचा पाइप फुटलाय, भिंत सडलीय, आईला दमा आहे. चेअरमनच्या घरात गळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी प्लंबर आला असता! मेंटेनन्स मात्र वेळेवर पाहिजे."

हे लिहू नका असं मी म्हणत नाही. लिहा, पण व्हॉट्सॲपच्या चौकटीत नको, बोट चुकून लागतं. वहीत लिहा आणि रात्रभर राहू द्या.

सकाळी एकेक वाक्य घेऊन विचारा: कमिटीच्या मीटिंगमध्ये यावर काही ठरवता येईल का? चेअरमनचा टोमणा तिथेच गळतो. मेंटेनन्सचंही खोडा, "भरणार नाही" अशी धमकी तर नकोच, उद्या थकबाकीदार तुम्हीच ठराल. आईचा दमा मात्र ठेवा. ती रडकथा नाही, घाई का आहे याचं कारण आहे. एका वाक्यात पुरे.

"सांगून सांगून थकलो" याच्या जागी तारखा घाला. कधी, कुणाला, तोंडी की लेखी? तारीख आठवत नसेल तर जुने मेसेज उघडून बघा. "कुणालाच पडलेलं नाही" हे त्या तारखांतून वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

आता खरी मेख. "पाइप फुटलाय" हे तुम्ही पाहिलंय का? बाहेरच्या सामाईक पाइपची गळती असेल तर खर्च सोसायटीचा. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून झिरपत असेल तर त्या सभासदाचा. अंदाज ठोकून लिहिला की वाद त्याच्यावरच सुरू होतो. म्हणून दिसतं तेवढंच लिहा आणि मागणी तपासणीची करा. "काहीतरी करा" यावर ठराव होत नाही.

उरलं ते असं:

"मा. सचिव,
विषय: फ्लॅट 302, बेडरूमच्या भिंतीला ओल.
बाहेरच्या ड्रेनेज पाइपलगतच्या भिंतीला जूनपासून ओल आहे. 4 जूनला आपल्याला तोंडी सांगितलं होतं, 20 जूनला तक्रारवहीत नोंद केली. त्या खोलीत झोपणाऱ्या माझ्या आईला दमा आहे. कृपया येत्या आठवड्यात प्लंबरकडून पाइपची आणि वरच्या बाथरूमची तपासणी करून घ्यावी. मी रोज संध्याकाळी 6 नंतर घरी असतो. दोन फोटो जोडले आहेत.
आपला, सभासद, फ्लॅट 302"

हे सगळ्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका; तिथे चाळीस जणांची मतं येतात आणि सचिव स्वतःचा बचाव करत बसतो. कागदावर छापून त्यांच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-तारखेची पोच घ्या. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार लेखी तक्रार कमिटीच्या पुढच्या सभेत घ्यायची असते आणि निर्णय त्यानंतर 15 दिवसांत सभासदाला कळवायचा असतो. तो हिशेब मांडायला ही पोच लागते.