यू-ट्यूब मॅनोमीटर: गॅस आणि पाण्याचा दाब वाचताना या चुका टाळा

बडोद्यात घरोघरी नळाचा गॅस आहे, त्यामुळे गॅसच्या कामात असलेल्या मुलांच्या हाती पहिल्यांदा येतो तो पाण्याने भरलेला यू-ट्यूब मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायच्या, खाली एकमेकींना जोडलेल्या दोन उभ्या काचेच्या नळ्या. घरगुती लाइनचा दाब साधारण 21 मिलिबार, म्हणजे सुमारे 214 मिलिमीटर पाण्याचा स्तंभ. एका नळीला गॅस जोडला की तिच्यातलं पाणी 107 मिलिमीटर खाली जातं आणि उघड्या नळीतलं तेवढंच वर चढतं. शून्य मधोमध असतं, म्हणून नजर वर चढलेल्या पाण्यावर जाते आणि वहीत 107 लिहिलं जातं. मग दाब निम्माच आहे, असं समजून कोणीतरी रेग्युलेटर पिळतो, आणि शेगडीला दुप्पट दाब मिळू लागतो. दाब म्हणजे दोन्ही पातळ्यांमधलं अंतर: वरचा आकडा अधिक खालचा आकडा.

एकच नळी वाचून दुप्पट करण्याचा आळसही महागात पडतो. समजा पाणी सुरुवातीलाच शून्याच्या 3 मिलिमीटर वर भरलं होतं. आता वर 110 दिसेल, खाली 104. बेरीज 214, बरोबर. वरचीच दुप्पट केली तर 220, खालचीच केली तर 208. दोन आकडे सारखे नसले तर घाबरायचं कारण नाही, बेरीज घेतली की झालं.

पाण्याची पातळी काचेजवळ वाकलेली असते. वाचायचा तो तिचा तळ, डोळा त्याच उंचीवर ठेवून, आणि दोन्ही नळ्यांत एकाच पद्धतीने. पाऱ्याची पातळी मात्र मधे फुगते, तिथे वरचा माथा वाचायचा. दोन्ही नळ्या सारख्या जाडीच्या आणि स्वच्छ असल्या तर काचेच्या ओढीमुळे आलेली चूक दोन्हीकडे सारखी पडते आणि वजाबाकीत निघून जाते. एक 4 मिलिमीटरची आणि दुसरी 10 मिलिमीटरची असेल तर पाणी अरुंद नळीत आधीच चारेक मिलिमीटर वर उभं असतं. दाब नसताना दोन्ही पातळ्या जुळत नसतील तर आधी हे बघा.

गॅसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. सगळे बर्नर बंद असताना रेग्युलेटरनंतरचा दाब थोडा जास्तच दिसतो, कारण रेग्युलेटर पूर्ण मिटायला तेवढा दाब लागतो. ज्योत मंद असल्याची तक्रार असेल तर बर्नर पेटवून वाचा. बंद अवस्थेतला चांगला आकडा त्या तक्रारीबद्दल काहीच सांगत नाही.

खरी गडबड होते ती गॅसवर हात बसलेला माणूस पाण्याच्या पाइपवर जातो तेव्हा. गॅस इतका हलका की मॅनोमीटर ओट्यावर ठेवला काय, खाली फरशीवर ठेवला काय, आकडा तोच. पाण्याचं तसं नाही: इथे मॅनोमीटरमध्ये पारा असतो, आणि पाइपपासून पाऱ्यापर्यंत जोडनळीत जे पाणी उभं आहे, तेही पाऱ्यावर दाबत असतं.

प्रयोगशाळेतला एक पाइप घ्या, वर टाकीला जोडलेला. पाऱ्याच्या दोन पातळ्यांत 200 मिलिमीटर फरक आला. पारा पाण्याच्या 13.6 पट जड, म्हणून हा झाला 2720 मिलिमीटर पाणी. बरेच जण इथेच थांबतात. पण पाऱ्याची खालची पातळी पाइपच्या मध्यापासून 500 मिलिमीटर खाली आहे, तेवढं पाणी वजा करायला हवं. पाइपमधला खरा दाब 2220 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 0.22 बार. न वजा केलेला आकडा वीस टक्क्यांहून जास्त फुगलेला. मॅनोमीटर वरच्या फळीवर असून ती पातळी पाइपच्या मध्याच्या वर असती, तर तेवढी उंची मिळवावी लागली असती.

हे 500 मोजायचं कधी, यातही मेख आहे. दाब नसताना मोजलं तर 400 मिळतील, कारण दाब आल्यावर पारा त्या बाजूला 100 मिलिमीटर खाली उतरलेला असतो. म्हणून आधी वाचन, मग टेप.

पडताळणी सोपी आहे. पुढचा व्हॉल्व बंद करून प्रवाह थांबवा आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीची पाइपच्या मध्यापासून उंची मोजा. ती 2.22 मीटरच्या आसपास यायला हवी. हिशोब 100 मिलिमीटरने कमी येत असेल तर बहुधा जोडनळीच्या उभ्या भागात तेवढ्या लांबीचा हवेचा बुडबुडा अडकलेला असतो: तिथे पाणी नाही, पण तुम्ही ते वजा केलेलं असतं. पारदर्शक नळी वापरली तर तो दिसतो. जोडणीजवळची हवा काढायची चावी हळूच उघडा, सलग पाणी येईपर्यंत थांबा, आणि पुन्हा वाचा.