कोपराचा अँगल एका कॅमेऱ्यावरून काढू नका, मी काढला होता

नवीन कोच मंडळींसाठी लिहितोय. मोबाईल, ट्रायपॉड आणि Kinovea हे व्हिडिओत अँगल मोजायचं सॉफ्टवेअर, एवढ्यावर बॉलिंग ॲक्शनचं भरपूर काम होतं. साध्या मोडवर सेकंदाला ३० फ्रेमला हात नुसता धूसर पट्टा दिसतो, म्हणून २४० वर, भर उन्हात शूट करा. मूळ फाईल केबलने घ्या, व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपमध्ये फ्रेम्स गेलेल्या असतात.

आता मी कुठे फसलो ते. चौदा वर्षांचा ऑफस्पिनर, बॉल मस्त वळायचा. मिड-ऑनच्या बाजूने एकच फोन लावला, हात खांद्याच्या रेषेत आला ती फ्रेम थांबवली, कोपरात १५८ अंश. बॉल सुटतानाच्या फ्रेमला १७८. म्हणजे हात २० अंश सरळ झाला आणि आयसीसीची मर्यादा १५, मी त्याच दिवशी पोराला सांगितलं की तू थ्रो करतोस. ॲक्शन बदलायला लावली, तर महिन्याभरात त्याचं वळणच गेलं.

झालं असं होतं की त्याचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. फिजिओने गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, लावला, साधारण २० अंशांचा कायमचा बाक. असा हात खांद्यातून फिरला की कॅमेऱ्याला तोच बाक कधी बाजूने दिसतो, कधी समोरून, आणि समोरून बघितलं की हात सरळच वाटतो. कोपर हललेलंच नसतं! घरी करून बघा, वायर २० अंशांत वाकवा, फोनसमोर धरा आणि तिच्याच लांबीभोवती हळूहळू फिरवा, स्क्रीनवर बाक जातो आणि परत येतो. मुरलीधरनला १९९५ च्या मेलबर्न टेस्टमध्ये थ्रोसाठी नो-बॉल दिले होते, त्याचंही कोपर जन्मतः वाकलेलं, २००४ मध्ये हाताला ब्रेस बांधून त्याने तसेच बॉल टाकून दाखवले.

म्हणून आधी पोराला दोन्ही हात ताणून, तळवे वर करून उभं करा आणि कोपर बघा. मग दोन फोन लावा, एक बाजूने, एक मागून. सरळ होणं एकातच दिसलं तर बहुतेक हा दृष्टिभ्रम आहे. दोन्हीत दिसलं तरी निकाल देऊ नका, फक्त शंका आहे म्हणा, खरं मोजमाप चेन्नईच्या श्री रामचंद्र विद्यापीठासारख्या लॅबमध्येच होतं, तिथे अंगावर मार्कर लावून बरेच कॅमेरे एकदम चालतात. क्लिप बघून दोन मिनिटांत "चकिंग आहे" म्हणणाऱ्या सीनियरचं तर अजिबात ऐकू नका, मला तसाच एक भेटला होता आणि मी मान डोलावली.

घाबरू नका पण. पुढचा पाय कुठे पडतो, डोकं ऑफला झुकतं का, मागचं पाऊल कुठे वळलंय, हे एका फोनवर छान कळतं. त्या पोराच्या क्लिप मी परत काढल्या तेव्हा पुढचा पाय लेग साईडला उघडत होता हे मला पहिल्यांदा दिसलं. तेवढंच सुधारलं, हात जुनाच ठेवला. वळण परत यायला मात्र दोन महिने लागले.