दुधातून क्रीम आणि स्किम: ईआरपीत रेसिपी, उतारा आणि खर्चाची विभागणी कशी मांडावी

नट-बोल्ट जोडून यंत्र बनवणाऱ्या कारखान्यात अनेक वस्तू आत जातात आणि एक बाहेर येते. डेअरीत हे उलटं असतं. दूध एकच आत जातं. क्रीम निघतं, स्किम निघतं आणि थोडं धुण्याच्या पाण्यातून गटारात जातं. बहुतेक ईआरपींची मूळ घडण पहिल्या प्रकारच्या कारखान्यासाठी झालेली असल्यामुळे दुसऱ्या प्रकारची रेसिपी जरा विचारपूर्वक बसवावी लागते. इथे क्रीम सेपरेटरचं एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. पडद्यावरची नावं एसएपीची आहेत. इतर प्रणालींत नावं बदलतील, हिशेब तोच राहील.

आधी कागदावर फॅटचा ताळा

समजा, १०,००० किलो गायीचं दूध आहे आणि त्यात ४ टक्के फॅट आहे, म्हणजे एकूण ४०० किलो फॅट. क्रीम ४० टक्क्यांचं हवं आहे आणि स्किममध्ये ०.०५ टक्के फॅट राहील असं धरू. आत आलेलं फॅट बाहेरच्या दोन प्रवाहांत कुठेतरी असलंच पाहिजे, म्हणून:

```
क्रीम = दूध × (दुधाचे फॅट − स्किमचे फॅट) / (क्रीमचे फॅट − स्किमचे फॅट)
      = 10000 × (4.00 − 0.05) / (40 − 0.05)
      = 988.7 किलो
```

उरलेलं ९,०११.३ किलो स्किम. हा झाला कागदावरचा उतारा. प्रत्यक्षात सेपरेटरचा गाळ, पाइपातलं दूध, सुरुवातीचं आणि शेवटचं पाणीमिश्रित दूध अशी घट होते. ती ५० किलो धरली, तर रेसिपीत क्रीम ९८० आणि स्किम ८,९७० किलो येईल. या दोन्हींत मिळून ३९६.५ किलो फॅट आहे, म्हणजे ३.५ किलो फॅट घटीत गेलं. ५० किलो घटीत ३.५ किलो फॅट पटण्यासारखं आहे, त्यामुळे हे आकडे रेसिपीत घालायला हरकत नाही. ‘आमच्याकडे साधारण दहा टक्के क्रीम निघतं’ अशा अंदाजावर रेसिपी उभारू नका. हिवाळ्यात दुधाचं फॅट वाढलं की तो अंदाज कोलमडतो.

याच टप्प्यावर एकक ठरवा. संकलन बऱ्याचदा लिटरमध्ये होतं आणि गायीच्या दुधाची घनता लिटरला साधारण १.०३ किलो असते. मटेरियल मास्टरमध्ये हे रूपांतर घातलं नाही, तर १०,००० लिटर दूध १०,००० किलो म्हणून खर्ची पडतं आणि सुमारे ३०० किलो माल हवेतून आल्यासारखा दिसतो. एकूण उतारा शंभर टक्क्यांच्या वर गेला की आधी हेच तपासा.

सहउत्पादन की उपउत्पादन?

क्रीम आणि स्किम दोन्हींसाठी धंदा चालतो, दोन्हींची किंमत मोठी आहे, म्हणून ती सहउत्पादनं. पुढे क्रीम घुसळून लोणी काढलं की जे बटरमिल्क उरतं, ते लोण्याच्या मानाने किरकोळ किमतीला जात असेल तर उपउत्पादन. फरक वजनाचा नाही, पैशाचा आहे. इंड एएस २ या लेखामानकाची वाटही हीच आहे: सहउत्पादनांत खर्च तर्कसंगत आणि सातत्यपूर्ण पायावर वाटायचा, किरकोळ उपउत्पादनाचं सहसा निव्वळ वसुलीमूल्य धरायचं आणि तेवढी रक्कम मुख्य उत्पादनाच्या खर्चातून वजा करायची.

एसएपीत सेपरेशनची बिल ऑफ मटेरियल `CS01` मध्ये बनवताना शीर्षस्थानी क्रीम ९८० किलो ठेवा, घटकांत दूध १०,००० आणि स्किम उणे ८,९७०. उणे चिन्ह म्हणजे ‘हे आत जात नाही, बाहेर येतं’. स्किमच्या ओळीवर `Co-product` ही खूण करा. क्रीम आणि स्किम दोन्हींच्या मटेरियल मास्टरमध्येही ती लागते. लोण्याच्या रेसिपीत बटरमिल्कही उणे येईल, पण खुणेशिवाय. मग प्रोसेस ऑर्डरवर दूध `261` ने खर्ची पडतं, क्रीम आणि स्किम `101` ने जमा होतं आणि बटरमिल्क `531` ने. बटरमिल्क त्याच्या मास्टरमधल्या दराने जमा होऊन तेवढी रक्कम लोण्याच्या ऑर्डरमधून कमी होते. तो दर शून्य राहिला तर लोणी उगाच महाग दिसतं.

खर्चाची विभागणी

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण चूक दिसत नाही. दूध ३६ रुपये किलो आणि प्रक्रियाखर्च १०,००० रुपये धरू. एकूण ३,७०,००० रुपये. वजनावर वाटलं, तर ९,९५० किलोला सरसकट ३७.१९ रुपये पडतात. स्किम २० रुपयांनी विकलं जात असेल तर किलोमागे १७ रुपये तोटा दिसेल आणि क्रीम सोन्याची खाण वाटेल. दोन्ही निष्कर्ष खोटे.

त्याऐवजी विक्रीमूल्य घ्या. क्रीमचा दर २३० रुपये धरला तर ९८० किलोचे २,२५,४०० आणि स्किमचे १,७९,४०० रुपये होतात. हे प्रमाण जवळपास ५६ : ४४ येतं. त्याच प्रमाणात खर्च वाटला की क्रीम सुमारे २१० रुपये आणि स्किम १८ रुपये २८ पैसे किलो पडतं. हेच प्रमाण मास्टरमधल्या अपोर्शनमेंट स्ट्रक्चरमध्ये समतुल्य अंक म्हणून भरायचं. स्किम लगेच न विकता त्याची पावडर करत असाल, तर पावडरच्या विक्रीमूल्यातून वाळवण्याचा आणि पॅकिंगचा खर्च वजा करून मागे या.

घट एकदाच मोजा

आपण ९८० आणि ८,९७० लिहिलं तेव्हाच ५० किलो घट रेसिपीत आली. आता कुणी दुधाच्या ओळीवर घटकाची घट म्हणून आणखी अर्धा टक्का घातला, तर प्रणाली १०,०५० किलो दूध मागते. दर ऑर्डरला दूध खर्चात फायदा दिसू लागला की बहुधा हे झालेलं असतं. घट उत्पादनाच्या आकड्यात ठेवा किंवा घटकाच्या टक्क्यात. मी पहिली जागा पसंत करतो, कारण तिथे फॅटचा ताळा एका नजरेत बसतो.

ऑर्डर बंद करण्याआधीची तपासणी

स्किम ‘दूध वजा क्रीम’ असं काढून भरू नका. तसं केलं की सगळी घट स्किमच्या साठ्यात लपते आणि महिनाअखेरच्या मोजणीत एकदम बाहेर पडते. दोन्ही प्रवाह फ्लो मीटरवर किंवा काट्यावर मोजा आणि दोन्हींचं फॅट प्रयोगशाळेतून घ्या.

समजा, एका दिवशी क्रीम १,०१० किलो आणि स्किम ८,९४५ किलो आलं. ९८० च्या जागी १,०१० म्हणजे उतारा १०३ टक्के. अहवालात हिरवा रंग. पण क्रीमचं फॅट ३८.५ निघालं, तर त्यात ३८८.९ किलोच फॅट आहे, अपेक्षेपेक्षा तीन किलोंनी कमी. स्किमचं फॅट ०.१० असेल तर त्यात साडेचार ऐवजी जवळपास नऊ किलो फॅट गेलं. क्रीमच्या भावाचा माल स्किमच्या भावाने निघाला. दोष रेसिपीत नाही, सेपरेटरमध्ये आहे: दुधाचं तापमान, प्रवाहाचा वेग किंवा साचलेला गाळ पाहायला हवा. हे ईआरपीत दिसावं म्हणून ऑर्डरच्या बॅचवर फॅट हे वैशिष्ट्य सक्तीचं करा आणि उतारा किलोबरोबर फॅटच्या किलोतही काढा.

दुधाचं फॅट बदललं की अपेक्षित क्रीमही वरच्या सूत्राने त्या दिवसाच्या तपासणीवरून ऑर्डरमध्ये बदला. मूळ रेसिपी रोज बदलू नका. विभागणीचे अंक मात्र ठरलेल्या मुदतीने, समजा दर तिमाहीला, दर पाहून तपासा, आणि बदल महिन्याच्या मध्ये न करता आधीच्या सगळ्या ऑर्डरी सेटल झाल्यावर, महिन्याच्या पहिल्या ऑर्डरपासून लावा.