कुत्र्याचं पिल्लू घरी आणलंय आणि घरात रांगतं बाळ आहे? मग जंताच्या औषधाचं आधी बघा

बरेच जण म्हणतात पिल्लाच्या शी मध्ये जंत दिसले की औषध देऊ, पण तोपर्यंत उशीर होतो कारण गोलकृमी पिल्लाला आईच्या पोटातच लागतात आणि हुकवर्म दुधातून, त्यामुळे पिल्लू अगदी गुटगुटीत दिसत असलं तरी जंत आहेत असंच धरून चाला. पोट फुगलेलं, हिरड्या पांढरट, शी काळी डांबरासारखी असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, हुकवर्म रक्त पितो आणि लहान पिल्लू त्यात जातं सुद्धा. एरवी दुसऱ्या आठवड्यापासून दर 15 दिवसांनी आठव्या आठवड्यापर्यंत डोस आणि मग सहा महिन्याचं होईपर्यंत महिन्याला एक, तोही वजन करून डॉक्टरला विचारूनच. पिल्लाच्या आईलाही द्यायचा, हे लोक हमखास विसरतात!

आता मुलांचं. गोलकृमीची अंडी ताज्या शी मधून लगेच लागत नाहीत, मातीत दोनेक आठवडे तरी पडली की मग धोका, म्हणून शी रोजच्या रोज उचलली की अर्धं काम झालं. राहिली तर ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात, मूल मातीचे हात तोंडात घालतं आणि अळ्या लिव्हर, फुप्फुस, क्वचित डोळ्यापर्यंत जातात. हुकवर्मच्या अळ्या तर अनवाणी पायातून शिरतात, कातडीवर लाल नागमोडी रेघ उठते, प्रचंड खाजते, रोज थोडी पुढे सरकते. असं दिसलं तर नायट्याचं मलम चोळत बसू नका, मुलांच्या डॉक्टरांना घरात पिल्लू आहे हे आवर्जून सांगा.