वाकलेल्या तारेचं वस्तुमान: dx नव्हे, ds

जळगाव-भुसावळकडे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना मी गणित शिकवतो. लाइन इंटिग्रलमध्ये तारेचं वस्तुमान काढायला दिलं की इंटिग्रेशन सहसा कुणाचं अडत नाही. गणित बिघडतं ते त्याच्या आधीच, मांडणीत. म्हणून इथे एकच गणित सावकाश करू.

तार y = x² या वक्रावर वाकवली आहे, x = 0 पासून x = 1 पर्यंत, मापं मीटरमध्ये. ती सगळीकडे सारखी जड नाही. (x, y) या बिंदूपाशी तिची घनता 12x ग्रॅम प्रति मीटर आहे. आता हा मीटर कुठला? तारेच्या अंगाने मोजलेला, x-अक्षावर मोजलेला नव्हे. तोरणमाळचा घाट चढताना नकाशावरचं सरळ अंतर वेगळं आणि गाडीच्या मीटरवर पडणारं वेगळं. पेट्रोल जळतं ते गाडीच्या मीटरप्रमाणे.

तारेचा बारीकसा तुकडा घेतला तर तो dx इतका आडवा आणि dy इतका उभा सरकतो. त्याची खरी लांबी ds = √(dx² + dy²). इथे dy = 2x dx, म्हणून ds = √(1 + 4x²) dx. तुकड्याचं वस्तुमान म्हणजे घनता गुणिले ds, आणि सगळ्या तुकड्यांची बेरीज अशी:

M = ∫₀¹ 12x √(1 + 4x²) dx

u = 1 + 4x² घ्या. 12x dx चं (3/2) du होतं, u च्या सीमा 1 आणि 5. उत्तर 5√5 − 1, म्हणजे सुमारे 10.18 ग्रॅम.

ds च्या जागी नुसता dx लिहिणाऱ्याला 6 ग्रॅम मिळतात. आकडा गोंडस असल्यामुळे शंकाही येत नाही, हीच पंचाईत. पण भो, उत्तर पारखता येतं. याच दोन टोकांना जोडणारी सरळ तार √2 मीटर लांब असते. तिच्यावर घनता हाच नियम पाळून 0 ते 12 वाढत गेली तर सरासरी 6, म्हणून वस्तुमान सुमारे 8.49 ग्रॅम. आपली तार त्याहून लांब आहे, सुमारे 1.48 मीटर. शिवाय वक्र उजवीकडे जास्त चढतो, म्हणजे जिथे तार जड आहे तिथेच तिची जास्त लांबी येते. तेव्हा उत्तर 8.49 च्या वरच हवं. 6 तिथेच बाद.

पॅरामीटर कुठलाही घ्या. x = t², y = t⁴ घेतलं तरी ds = 2t√(1 + 4t⁴) dt येतो आणि उत्तर तेच राहतं, फक्त घनतेतही x च्या जागी t² घालायला विसरू नका. तार उलट्या टोकाकडून मोजली तरी वस्तुमान बदलत नाही, कारण ds म्हणजे लांबी, ती ऋण नसते. उत्तर −10.18 आलं तर सीमा 1 पासून 0 कडे लिहिल्या गेल्या आहेत. पॅरामीटर नेहमी लहानाकडून मोठ्याकडे न्या.

घनता 12x ऐवजी 12y दिली तर मांडणी हीच राहते, पण x²√(1 + 4x²) ला वरचं सोपं सब्स्टिट्यूशन लागू पडत नाही. तिथे 2x = sinh θ घ्यावं लागतं.