चार वेळा ४ वापरून १ ते १० कसे बनवावेत

कोडं सांगायला सोपं आहे. ४ हा अंक बरोबर चार वेळा वापरायचा, तीनही नाही आणि पाचही नाही. मध्ये बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि लागतील तिथे कंस. दुसरा कोणताही अंक घ्यायचा नाही. एवढ्यात १ पासून १० पर्यंतची प्रत्येक संख्या बनवायची.

बहुतेक जण कागद घेऊन चिन्हं अंदाजाने टाकत बसतात. सहा-सात संख्या अशाच मिळतात आणि मग गाडी अडते. मी सांगतो ती पद्धत थोडी वेगळी आहे: आधी दोन ४ मधून काय काय निघतं ते लिहायचं, मग तीन ४ मधून, आणि शेवटी हव्या असलेल्या संख्येकडून उलटं यायचं. एकदा तक्ता हातात आला की अंदाज करावा लागत नाही.

पहिली पायरी, दोन ४. इथे चारच उत्तरं आहेत: ४+४=८, ४−४=०, ४×४=१६ आणि ४÷४=१. कागदाच्या वरच्या बाजूला लिहून ठेवा: ०, १, ८, १६.

दुसरी पायरी, तीन ४. वरच्या प्रत्येक संख्येला आणखी एक ४ जोडा, वजा करा, गुणा, भागा. वजाबाकी आणि भागाकार दोन्ही बाजूंनी करून पाहायला विसरू नका. १ मधून ४ वजा केले तर −३, पण ४ मधून १ वजा केला तर ३, आणि हे ३ पुढे कामाला येतात. ८ पासून १२, ४, ३२, २, अर्धा आणि −४ मिळतात. १६ पासून २०, १२, ६४, ४, पाव आणि −१२. १ पासून ५, ३, ४, पाव आणि −३. शून्यापासून ०, ४ आणि −४. पुन्हा पुन्हा आलेल्या गाळल्या की यादी अशी उरते:

०, २, ३, ४, ५, १२, २०, ३२, ६४, पाव, अर्धा, −३, −४, −१२

तिसरी पायरी म्हणजे उलटं येणं, आणि इथे पाढे उपयोगी पडतात. समजा ५ हवे आहेत. शेवटचा ४ भागायला वापरायचा ठरवलं, तर त्याआधी तीन ४ मधून वीस यायला हवेत, कारण चार पंचे वीस. यादीत २० आहे का? आहे, ४×४+४. म्हणून:

(४×४+४)÷४ = ५

३ साठी चार त्रिक बारा, आणि १२ म्हणजे ४+४+४. म्हणून (४+४+४)÷४ = ३. आता ६ ते ९ पाहा. शेवटचा ४ मिळवायचा ठेवला, तर आधी अनुक्रमे २, ३, ४ आणि ५ हवेत, आणि हे चारही यादीत शेजारी शेजारी उभे आहेत:

(४+४)÷४+४ = ६
४−४÷४+४ = ७
४+४−४+४ = ८
४+४÷४+४ = ९

४ बनवणं वाटतं तितकं सरळ नाही, कारण उत्तर एका ४ मध्येच आहे आणि उरलेले तीन संपवायचे आहेत. अशा वेळी शून्य मदतीला येतं: (४−४)×४+४ = ४. दोन ४ एकमेकांना खातात, तिसरा शून्याने गुणला जाऊन जातो, चौथा उरतो. १ आणि २ साठी दोन-दोनच्या जोड्या पुरतात: (४÷४)×(४÷४) = १ आणि ४÷४+४÷४ = २.

आता ६ आणि ९ च्या ओळी पुन्हा पाहा. चिन्हं तीच, क्रमही तोच, फरक फक्त एका कंसाचा. दुकानात गल्ल्यावर असतो त्या साध्या कॅल्क्युलेटरवर ४+४÷४+४ दाबलंत तर तो बहुधा ६ दाखवेल, कारण आधीचं उत्तर काढून मगच तो पुढे जातो. मोबाइलवरचा बहुधा ९ दाखवेल, आणि नियमाप्रमाणे ९ च बरोबर. म्हणून उत्तर पडताळायचं तर हाताने, कंस लिहून.

दुसरी चूक मी घरीच पाहिली. पाचवीतल्या माझ्या भाचीने ८ साठी ४−४+४+४ लिहिलं, मग स्वतःच खोडलं. म्हणाली, ‘मामा, हे तर उणे आठ येतंय. कंचेभागुबेव, म्हणजे बेरीज आधी ना?’ तिने शेवटचे तीन ४ मिळवून १२ केले होते आणि ते पहिल्या ४ मधून वजा केले होते. तिने शब्द बरोबर पाठ केला होता, फक्त त्यातली एक गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर असतात, डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. ४−४ शून्य, अधिक ४, अधिक ४, आठच. तिचं पहिलं उत्तर बरोबर होतं.

राहिले १०. इथे सगळ्यांचं घोडं अडतं, आणि त्यात कोणाचीही चूक नाही. तक्त्यावरून ते नीट दिसतं. शेवटचा ४ एकटा असेल तर तीन ४ मधून पुढीलपैकी काहीतरी यायला हवं: ६ (मग ४ मिळवू), १४ (४ वजा करू), अडीच (४ ने गुणू), ४० (४ ने भागू), −६ (४ मधून वजा करू) किंवा दोन पंचमांश (४ ला त्याने भागू). आपल्या यादीत यातलं एकही नाही. शेवटी दोन जोड्या एकत्र येत असतील तर ०, १, ८, १६ यांपैकी कोणत्याही दोन संख्या, किंवा तीच संख्या दोनदा, घेऊन १० करायला हवेत. तेही होत नाही: ८ आणि १ चे ९ होतात, ८ आणि ८ चे १६. तिसरा मार्गच नाही. म्हणजे नुसत्या चार क्रियांनी १० बनतच नाहीत.

म्हणून या कोड्यात एक सवलत पूर्वीपासून दिली जाते: दोन ४ शेजारी लिहून ४४ करायला परवानगी. चार दाहे चाळीस, म्हणून ४० हवेत, आणि ४४ मधून ४ गेले की ४० राहतात:

(४४−४)÷४ = १०

काही ठिकाणी ४४ ऐवजी वर्गमूळ चालतं. ४ चं वर्गमूळ २, त्यामुळे यादीत नसलेले ६ आता ४+४−√४ असे मिळतात, आणि त्यात ४ मिळवले की १०. कोडं कोणाला घालणार असाल तर यातली कोणती सवलत आहे ते आधी सांगा, नाहीतर समोरचा न सुटणाऱ्या गोष्टीवर तासभर घालवेल.

११ साठी मात्र एकटी सवलत पुरत नाही. ४४÷४ केलं की ११ येतात, पण त्यात तीनच ४ लागतात आणि एक हातात उरतो. दोन्ही सवलती मिळून तो बसतो: खालच्या ४ च्या जागी √४+√४ लिहा.

४४÷(√४+√४) = ११