वायबुलचा बीटा काढताना आम्ही केलेल्या चुका: पंपाच्या सीलची वही

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघत असताना माझ्याकडे सेंट्रिफ्यूगल पंपांच्या मेकॅनिकल सीलची, म्हणजे फिरत्या दांड्यापाशी गळती रोखणाऱ्या भागाची, नोंदवही होती. एकाच मापाची ४० सीलं, एकाच सुमारास बसवलेली, दोन वर्षांचा हिशेब. गळलेल्या सीलच्या जागी बसवलेलं नवं सील या हिशेबात धरलेलं नाही. खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, पण गणित तेच आहे. चुकाही त्याच, आणि बहुतेक माझ्याच.

पहिल्या सहा महिन्यांत १० सीलं गळली, पुढच्या सहा महिन्यांत ९, मग ८ आणि शेवटच्या सहामाहीत ७. मी मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं, "बिघाड वयाबरोबर कमी होतायत, जुनी सीलं बदलू नका." साफ चूक होती. मी मेलेले मोजले, पण मरायला उरलेले किती होते ते पाहिलंच नाही.

हॅझार्ड रेट म्हणजे आजवर टिकलेल्या सीलांपैकी किती लगेच पुढच्या काळात जातील, त्याचा वेग. छेदात फक्त अजून चालू असलेली सीलं येतात. ४० पैकी १० म्हणजे ०.२५. उरलेल्या ३० पैकी ९ म्हणजे ०.३०. मग २१ पैकी ८, म्हणजे ०.३८. शेवटी १३ पैकी ७, म्हणजे ०.५४. बिघाडांची संख्या उतरत होती, धोका मात्र चढत होता.

वायबुल हे आयुष्याच्या नोंदींना बसवायचं एक सूत्र. त्यात हा धोका असा लिहितात, t म्हणजे सीलचं वय, β म्हणजे बीटा, η म्हणजे इटा:

```
h(t) = (β/η) · (t/η)^(β−1)
```

इटा म्हणजे स्केल: ज्या वयापर्यंत साधारण ६३ टक्के सीलं गेलेली असतात ते वय. धोका चढणार की उतरणार हे मात्र एकटा बीटा ठरवतो, कारण वयाच्या डोक्यावरचा घात आहे बीटा वजा १. बीटा १ पेक्षा कमी असेल तर तो घात ऋण होतो आणि वय वाढेल तसा धोका उतरतो. बरोबर १ असेल तर वय निघूनच जातं. जुनं सील नव्याइतकंच भरवशाचं, बदलून काही फायदा नाही. १ पेक्षा जास्त असेल तर झीज. हाताशी ठेवायचा हिशेब असा: वय दुप्पट झालं की धोका २ चा (बीटा वजा १) वा घात इतक्या पटीने बदलतो. बीटा २.१ असेल तर २.१ पट, बीटा ०.४ असेल तर ०.६६ पट, म्हणजे एक तृतीयांशाने कमी.

दुसरी चूक ऑफिसातल्या एका मुलाने केली, आणि ती इतकी नैसर्गिक आहे की मी त्याला रागावलो नाही. दोन वर्षांनंतरही ६ सीलं चालूच होती. त्यांच्यापुढे बिघाडाची तारीख नव्हती, म्हणून त्याने एक्सेलमधून त्या ओळीच काढून टाकल्या. आता सुरुवात ३४ सीलांनी झाली आणि शेवटच्या सहामाहीत धोका झाला ७ पैकी ७. म्हणजे दोन वर्षं एकही सील ओलांडत नाही! बाजूच्या शेडमध्ये सहा सीलं निवांत फिरत असताना कागद हे सांगत होता. चालू सीलला "निदान २४ महिने टिकलं" असं लिहून हिशेबात ठेवावंच लागतं. नाहीतर बीटा फुगतो आणि आयुष्य कमी दिसतं.

'आर' या आकडेमोडीच्या भाषेत हे करताना अजून एक खड्डा आहे. `survreg` जो `scale` छापतं तो वायबुलचा स्केल नाही, तो बीटाचा व्यस्त आहे:

```r
library(survival)
# d: 1 = गळलं, 0 = अजून चालू
fit <- survreg(Surv(t, d) ~ 1, dist = "weibull")
1 / fit$scale        # बीटा
exp(coef(fit))       # इटा
```

`scale` ०.७ दिसला आणि कुणी तोच बीटा समजून बसलं, तर झिजणाऱ्या वस्तूला तो "उतरता धोका" म्हणणार.

एवढं दुरुस्त करून आलेखावर सरळ रेष बसवली, बीटा आला सुमारे १.३५. किंचित चढता धोका. आता सगळ्यात महागडी चूक करायला आम्ही मोकळे होतो: दर तीन महिन्यांनी सील बदला, असं ठरत आलं होतं.

तेव्हा आमचे जुने फिटर काका म्हणाले, "साहेब, नवं सील बसवलं की पहिला महिना माझा त्याच्यावर विश्वास नसतो. जुनं बरं, त्याचा स्वभाव कळलेला असतो." हे ऐकून मी आलेख पुन्हा उघडला. आडव्या अक्षावर वयाचा लॉगॅरिदम, उभ्या अक्षावर संचित धोक्याचा, म्हणजे त्या वयापर्यंत साठत आलेल्या धोक्याचा, लॉगॅरिदम घेतला की एकाच प्रकारचा वायबुल सरळ रेषेत येतो आणि तिचा चढ म्हणजे बीटा. आमच्या बिंदूंमधला चढ आधी १.२, मग १.४, मग १.८ होता. रेष वर वाकत होती. अशी वाकलेली रेष दिसली की एकापेक्षा जास्त कारणं एकत्र मिसळली असल्याचा संशय घ्यायचा.

म्हणून उघडलेल्या सीलांच्या नोंदी वाचल्या. ओ-रिंग कापलेली, अलाइनमेंट चुकलेली, पंप कोरडा चालवून सीलचे फेस, म्हणजे एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग, तडकलेले, म्हणजे बसवणी आणि सुरुवातीचे दोष: सहामाहीवार ७, २, १, ०. घासून झिजलेले फेस: ३, ७, ७, ७. मग एका कारणाचा हिशेब करताना दुसऱ्या कारणाने गेलेलं सील "तोवर टिकलं" असं धरलं, चालू सीलसारखंच. बसवणीच्या दोषांचा बीटा आला साधारण ०.४. झिजेचा २.१, इटा जवळपास २० महिने, आणि झिजेची रेष आता बऱ्यापैकी सरळ. १.३५ हा आकडा दोघांपैकी कुणाचाच नव्हता.

आता तीन महिन्यांचा बेत तपासा. तीन महिन्यांत बसवणीच्या दोषांचा संचित धोका सुमारे ०.१४, झिजेचा फक्त ०.०२. दोन वर्षांत आठ वेळा बदललं तर एका पंपामागे बेरीज १.३ च्या आसपास. वर्षातून एकदा बदललं तर ०.६४ दोनदा, म्हणजे तीही १.३ च्याच आसपास. आठ सीलं घालून दोन सीलांइतकाच फायदा! सहा महिन्यांनी बदललं तर १.१५, थोडं बरं, पण चार सीलं लागतात. हा हिशेब ढोबळ आहे, मध्येच गळून बदललेल्या सीलचं वय पुन्हा शून्यापासून सुरू होतं हे त्यात धरलेलं नाही. तरी बेत मोडायला तो पुरेसा होता. प्रत्येक बदलीबरोबर आपण ०.४ वाल्या वक्राचं सगळ्यात उंच टोक पुन्हा विकत घेत होतो.

शेवटी वर्षाची बदली ठेवली. बसवताना डायल गेजने अलाइनमेंट तपासायची, पाणी भरल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, आणि पहिला महिना रोज गळती बघायची, हे तिन्ही कामाच्या कार्डावर छापलं. कार्डावर "का गळलं" हा रकानाही सक्तीचा केला. तरी एक सांगतो: बसवणीचे दोष दहाच होते, त्यामुळे तो ०.४ उद्या ०.३ किंवा ०.६ निघाला तर मला नवल वाटणार नाही. पाच-सहा बिघाडांवर बीटा काढून दोन दशांश छापणाऱ्या रिपोर्टवर मात्र मी आता सही करत नाही.